तिप्पट झूममधील शिवण

माझ्या मोबाइलला दोन भिंगे आहेत : एक मुख्य, दुसरे पाचपट जवळ आणणारे. मग तिप्पट झूमवर छायाचित्र घेते कोण? अशा काही फोनांत दोन्ही मिळून.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घेऊ. तिप्पट झूमवर मुख्य भिंगाच्या चित्राचा मधला नववा हिस्सा कापून मोठा करावा लागतो; त्यामुळे बारकावे विरळ होतात. पाचपटीचे भिंग ते बारकावे टिपते. पण त्याला या चौकटीची रुंदी आणि उंची तीनपंचमांशच दिसते, म्हणजे क्षेत्रफळाचे शंभरातले ३६ भाग. फोन दोन्ही चित्रांतल्या समान खुणा जुळवतो, रंग सारखे करतो आणि मध्यभागी हे ठिगळ बसवून त्याच्या कडा विरवतो. म्हणून दरवाजावरचे अणकुचीदार खिळे रेखीव येतात, तर कडेचे बुरुजाचे दगड मेणासारखे गुळगुळीत.

खरी पंचाईत होते ती जवळच्या वस्तूंमुळे. समोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहा : बोट सरकल्यासारखे वाटते. दोन भिंगांतही थोडे अंतर असल्याने जवळची फांदी दोन चित्रांत निरनिराळ्या जागी पडते. जुळणी फसली की तिथे फोन मुख्य भिंगाचेच चित्र ठेवतो आणि फांदीभोवती धूसर पट्टा उरतो.

खात्री करायची असेल, तर पाचपटीच्या भिंगावर बोट ठेवून तेच छायाचित्र पुन्हा घ्यावे. खिळेही कडेच्या दगडांइतकेच पुसट आले, तर आधीचा रेखीवपणा त्या दुसऱ्या भिंगाचा होता, असे समजावे.