चित्रातली खारी आणि काउंटरवरची खारी: बेकरीमालकाला पाठवायचे प्रस्तावपत्र

बेकरीच्या इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटससाठी एआयच्या मदतीने दर महिन्याला चित्रे करून देण्याचा प्रस्ताव एका पानात मावायला हवा. वाचणारा मालक पहाटे भट्टी पेटल्यापासून कामात असतो आणि पत्र बहुधा गल्ल्यावर, गिऱ्हाइकांच्या मध्येच मोबाइलवर वाचतो. महिन्याला काय मिळणार, किती पैसे पडणार आणि चित्रातला माल आपल्या मालासारखा दिसणार का, एवढेच त्याला हवे असते.

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. चित्र बनवणाऱ्या यंत्रणेला केक आणि क्रोसाँ चांगले ठाऊक असतात, आपल्याकडची बेकरी तेवढी नसते. नुसते वर्णन लिहून लादी पाव मागितला, तर अनेकदा वर तीळ लावलेला बर्गरचा बन येतो. खारीला क्रोसाँची गोलाई येते आणि साध्या मावा केकवर क्रीमचा डोंगर चढतो. चित्र देखणे असते, पण ते बघून आलेले गिऱ्हाईक काउंटरवर ‘फोटोतला द्या’ म्हणते, तेव्हा उत्तर मालकाला द्यावे लागते. शिवाय दुकानात नसलेला माल जाहिरातीत दाखवणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल ठरू शकते.

म्हणून पत्रात एक रेघ स्पष्ट आखावी: पदार्थ खरा, आजूबाजूचे दृश्य तयार केलेले. घाण्यातून नुकताच निघालेला माल खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलने टिपायचा. मग पदार्थ कापून वेगळा करायचा आणि त्याच्यामागे नाताळची रोषणाई, पावसाळी खिडकी किंवा चहाचा कप एआयकडून उभा करून घ्यायचा. जोड नीट बसली की नाही हे सावलीवरून कळते. पदार्थावर उजेड डावीकडून आणि कपाची सावलीही डावीकडेच पडलेली, असे झाले की चित्र खोटे वाटते. नेमके काय चुकले ते बघणाऱ्याला सांगता आले नाही तरी.

अक्षरांचेही तसेच. एआयने चित्रातच रंगवलेल्या देवनागरीत कधी जोडाक्षरे मोडतात, कधी वेलांट्या भलतीकडे जातात. ‘शुभेच्छा’मधला ‘च्छा’ही बिघडू शकतो. तेव्हा मजकूर, भाव आणि फोन नंबर नंतर फाँटमध्ये वेगळे बसवले जातील, हे पत्रात लिहावे. अंडे नसलेल्या केकचा उल्लेख आणि शाकाहारी मालाचे हिरवे चिन्हही मालकाने सांगितल्याप्रमाणेच टाकायचे, अंदाजाने नाही.

डिसेंबरसाठी लिहिलेल्या अशा पत्राचा गाभा साधारण असा असू शकतो:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या दुकानातून घेतलेल्या खारीचे एक नमुना चित्र सोबत पाठवत आहे. खारी आपलीच आहे, फक्त मागचे टेबल एआयने तयार केले आहे. अशी महिन्याला १२ चित्रे देता येतील: ८ पोस्टसाठी, ४ स्टेटससाठी. त्यासाठी महिन्यातून एकदा सकाळी तासभर दुकानात येऊन फोटो काढीन. प्लम केकच्या ऑर्डरची चित्रे १ डिसेंबरपर्यंत आपल्या हातात असतील. कोणतेही चित्र आपण पाहून होकार दिल्याशिवाय बाहेर जाणार नाही.’

यातली तारीख महत्त्वाची आहे. प्लम केकच्या ऑर्डरी नाताळच्या बऱ्याच आधी सुरू होतात. २३ तारखेला हाती आलेल्या सुंदर चित्राचा उपयोग शुभेच्छांपुरताच. पोस्टसाठी १०८० बाय १३५० आणि स्टेटससाठी १०८० बाय १९२० पिक्सेल ही मापे ठरलेली असली, तरी ती पत्रात नकोत. मालकाला त्यांच्याशी देणेघेणे नसते.

पैशांचा परिच्छेद मात्र सविस्तर हवा. समजा महिन्याचे ६,००० रुपये ठरवले, तर एक चित्र ५०० रुपयांना पडते, हे सरळ लिहावे. त्यात प्रत्येक चित्रात किती वेळा बदल करून मिळेल (दोनदा पुरेसे), जीएसटी लागू आहे की नाही आणि जाहिरात चालवण्याचा खर्च वेगळा आहे का, हेही आले. बदलांची मर्यादा लिहिली नाही तर ‘जरा लाल कमी करा’ महिनाभर चालते, आणि मग भांडण पैशांवरून होते. विक्री अमुक टक्क्यांनी वाढेल असे वचन देऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र दाखवून किती ऑर्डरी आल्या हे दुकानातल्या वहीत लिहून ठेवण्याची विनंती करावी. तीन महिन्यांनी त्या वहीवरूनच पुढचे ठरवता येते.

चित्रांच्या मालकीबाबत जपून लिहावे लागते. बोर्ड, खोके, पत्रके अशा सगळीकडे ती वापरायची मुभा बेकरीला देता येते. मात्र पूर्णपणे एआयने बनवलेल्या भागावर कॉपीराइट मिळतो का, हा प्रश्न अजून वादात आहे आणि तसेच टेबल, तशीच रोषणाई दुसऱ्या दुकानाच्या चित्रातही दिसू शकते. खऱ्या पदार्थाचे मूळ फोटो मात्र करार थांबला तरी बेकरीकडेच राहतील आणि थांबवायचे असल्यास एक महिना आधी कळवावे, एवढे लिहून खाली सही, फोन नंबर आणि तारीख टाकावी.