घर एक, जाळी दोन

नाशिकला ताईकडे गेलो की चहा संपायच्या आत एखादं रुसलेलं यंत्र माझ्यापुढे येतं. गेल्या खेपेला भाच्याचा लॅपटॉप आला. घरात १०० एमबीपीएसचं फायबर, कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं, तरी वेग वीस-बावीसच्या वर सरकेना. त्यात दुसरी तक्रार ताईची. लॅपटॉपवरून प्रिंट निघते, तिच्या मोबाइलला मात्र तोच प्रिंटर दिसतच नाही. "मामा, नेटवाल्याला तीनदा बोलावलं. तो स्वतःच्या फोनवर तपासतो, म्हणतो आमच्याकडून सगळं ओके आहे आणि जातो," भाचा वैतागून म्हणाला. नेटवाला खोटं बोलत नव्हता, हे अर्ध्या तासानं कळलं.

अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद करून चालू करतात किंवा वेग मोजणारं ॲप उघडतात. मी आधी दुसरीकडे बघतो. जोडलेल्या नेटवर्कची सगळी कुंडली त्या यंत्रातच लिहिलेली असते. विंडोज ११ मध्ये Settings उघडायचं, Network & internet मध्ये जायचं, तिथून Wi-Fi, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या नावापुढे properties असं लिहिलेलं असतं त्यावर टिचकी मारायची. पान खाली सरकवलं की ओळींची यादी येते. भाच्याच्या यादीतल्या कामाच्या ओळी एवढ्याच होत्या:

```
Protocol: 802.11g
Security type: WPA-Personal
Network band (channel): 2.4 GHz (6)
Link speed (Receive/Transmit): 54/54 (Mbps)
IPv4 address: 192.168.0.103
```

मग ताईचा फोन घेतला. अँड्रॉइडवर वाय-फायच्या यादीत जोडलेल्या नावाशेजारी दातेरी चाकाचं चिन्ह असतं. ते दाबलं की हीच माहिती थोड्या वेगळ्या मांडणीत मिळते. कंपनीगणिक नावं आणि जागा बदलतात, पण Security, Frequency आणि IP address या ओळी शोधायच्या. ताईच्या फोनवर होतं: WPA2, 5 GHz आणि 192.168.1.7.

सगळ्यात बोलकी ओळ पत्त्याची निघाली. पत्ता म्हटला की गोंधळ होतो, कारण त्या यादीत पत्ते दोन-तीन असतात. Physical address हा वाय-फायच्या चिपचा ओळखक्रमांक. आजचे फोन तर तोही प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनावट दाखवतात. fe80 ने सुरू होणारी लांबलचक ओळ सध्या सोडून द्यायची. आपल्याला हवा IPv4 address. तो घरातला राउटर वाटतो, वाड्यात खोल्यांना नंबर द्यावेत तसा. बाहेरच्या जगाला हा नंबर दिसत नाही, म्हणूनच 192.168 ने सुरू होणारे पत्ते लाखो घरांत बिनदिक्कत तेच ते असतात. घरगुती राउटरमध्ये सहसा पहिले तीन आकडे म्हणजे वाडा आणि चौथा म्हणजे खोली. लॅपटॉपचा वाडा 192.168.0 आणि फोनचा 192.168.1. म्हणजे एकाच दिवाणखान्यात, एकाच सोफ्यावर ठेवलेली ही दोन यंत्रं दोन वेगळ्या जाळ्यांत होती.

याचा उलगडा टीव्हीच्या मागे होता. फायबर घेतलं तेव्हा नवा डबा भिंतीवर आला, पण जुन्या घरातला राउटर कुणी टाकून दिला नाही. 'प्रिंटर त्यालाच जोडलेला आहे, राहू दे' म्हणून तो नव्या डब्याला केबलनं जोडून ठेवला होता. जुन्याचं नाव Ghar, नव्याचं Ghar_5G. लॅपटॉपला जुना पासवर्ड पाठ, त्यामुळे तो निमूटपणे जुन्यालाच जाऊन चिकटायचा. नेट चालू आहे म्हटल्यावर कुणी नाव बघायला गेलं नाही. प्रिंटरही Ghar वर. घरगुती प्रिंटर 'मी इथे आहे' अशी हाक आपल्या वाड्यापुरतीच देतो. ती राउटरच्या पलीकडे जात नाही. म्हणून लॅपटॉपला तो दिसायचा आणि ताईच्या फोनला नाही.

जाता जाता त्या _5G बद्दल. ते फक्त नाव आहे, उद्या कुणी 'नऊजी' ठेवलं तरी राउटरला फरक पडत नाही. मोबाइलच्या पाचव्या पिढीशी तर त्याचा संबंधच नाही. बँड नावात नाही, तपशिलाच्या पानावर वाचायचा.

आता वेग. जुन्या राउटरच्या पाठीवर ३०० एमबीपीएस छापलेलं होतं. मग पानावर ५४ का? भाच्याचा तर्क असा की २.४ गिगाहर्ट्‌झ म्हणजे जुनाट बँड, त्यामुळे हळू. अर्धवट बरोबर. पण याच बँडवर, गर्दी टाळणाऱ्या अरुंद वाहिनीतसुद्धा, दोन अँटेनांच्या साध्या लॅपटॉपला १४४ दिसायला हवं. ५४ हा आकडा ओळखीचा आहे. २००३ साली आलेल्या 802.11g या पिढीची ती कमाल मर्यादा. राउटर २००९ नंतरच्या n पिढीचा, लॅपटॉप त्याहून कितीतरी नवा, तरी दोघं आपसांत जुनी भाषा बोलत होते.

कारण वरच्याच ओळीत होतं: WPA-Personal. त्यासाठी थोडा इतिहास. वाय-फायचं पहिलं कुलूप डब्ल्यूईपी. ते २००१ साली उघडं पडलं. नवं मजबूत कुलूप तयार व्हायला वेळ लागणार होता आणि जुनी यंत्रं तर लोकांच्या घरात होती. म्हणून २००३ मध्ये तात्पुरती डागडुजी आली ती डब्ल्यूपीए, आणि तिच्या आतली संकेतपद्धत टीकेआयपी. पुढच्याच वर्षी एईएस वापरणारं डब्ल्यूपीए२ आलं, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३. n पिढीचे नियम ठरवताना तज्ज्ञांनी एक अट घातली: डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी वापराल तर नवे वेग मिळणार नाहीत. म्हणजे कुलूप जुनं ठेवलं की गाडीही जुन्याच गिअरमध्ये चालते. हवेतल्या ५४ पैकी प्रत्यक्ष हातात निम्म्याहून कमीच पडतात, कारण पोच देणं, वाट बघणं, पुन्हा पाठवणं यात बाकीचे खर्च होतात. भाच्याच्या वीस-बावीसचा हिशेब तिथे लागला. नेटवाला त्याच्या फोनवरून नव्या डब्याचा वेग तपासत होता, त्याला तो पूर्ण दिसणारच.

माझ्या मते सुरक्षेच्या ओळीकडे लोक बघत नाहीत ते यामुळेच. पासवर्ड टाकला म्हणजे कुलूप लागलं, असं वाटतं. पासवर्ड ही किल्ली आहे. कुलूप कुठल्या बनावटीचं, हे ती ओळ सांगते. WPA2 किंवा WPA3 दिसलं तर ठीक. WPA किंवा WEP दिसलं तर राउटरमध्ये बदल करायचा. आयफोन वाय-फायच्या नावाखाली Weak Security असं सरळ लिहितो, मात्र बँड कुठला ते त्याच्या तपशिलाच्या पानावर सापडत नाही. आणि Open दिसलं तर कुलूपच नाही. स्टेशनवर किंवा हॉटेलात मोबाइल नंबर देऊन, ओटीपी टाकून नेट मिळतं, तेव्हाही इथे बहुधा Open असतं. तो ओटीपी तुम्ही कोण ते नोंदवायला, हवेतल्या संदेशांवर पडदा टाकायला नव्हे. उलट बाजूही आहे. ही ओळ फक्त तुमचं यंत्र आणि राउटर यांच्यातल्या हवेपुरती बोलते. राउटर कुणाच्या मालकीचा, ते तिला माहीत नसतं. ओळखीच्या नावाचा तोतया राउटर कुणी लावला तर तिथेही WPA2 दिसू शकतं.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. ब्राउझरमध्ये 192.168.0.1 टाकून जुन्या राउटरचं पान उघडलं, सुरक्षेच्या जागी WPA2-PSK आणि AES निवडलं. लॅपटॉप आणि प्रिंटर दोघांनाही जुनी ओळख विसरायला लावून पासवर्ड पुन्हा दिला. लॅपटॉपच्या पानावर 54/54 च्या जागी 144/144 आलं आणि Protocol पुढे n. मग दुसरं काम, दोन वाड्यांचा एक वाडा करायचं. जुन्या राउटरला 192.168.1.2 हा स्वतःचा पत्ता दिला, त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं आणि नव्या डब्याकडून येणारी केबल WAN च्या भोकातून काढून LAN च्या भोकात घातली. क्रम महत्त्वाचा. केबल आधी हलवली तर एका वाड्यात पत्ते वाटणारे दोन कारभारी होतात आणि गोंधळ उडतो.

लॅपटॉप पुन्हा जोडला तर पत्ता आला 169.254.38.11. भाचा म्हणाला, "आला की नवा पत्ता!" हा पत्ता कुणी दिलेला नसतो. यंत्रानं मागणी केली, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक ठोकून दिला, असा त्याचा अर्थ. 169.254 दिसलं की पासवर्ड आणि बँड यांना दोष द्यायचा नाही, पत्ते वाटणाऱ्यापर्यंत वाट पोचते का ते बघायचं. केबल नीट बसलीच नव्हती. खट्‌ आवाज येईपर्यंत दाबली, वाय-फाय बंद-चालू केलं, आणि 192.168.1.14 आला. ताईच्या फोनवर प्रिंटर उगवला. तिनं लगेच विजेच्या बिलाची एक प्रत काढली, गरज नव्हती तरी.

भाच्याला अर्थातच आता सगळं पाच गिगाहर्ट्‌झवर हवं होतं. दिवाणखान्यात लॅपटॉप Ghar_5G ला जोडला तेव्हा पानावर 5 GHz (36) आणि वेग 866/866 दिसला. तोच लॅपटॉप दोन विटांच्या भिंतींपलीकडच्या त्याच्या खोलीत नेला आणि पान पुन्हा उघडलं. बँड तोच, वेग मात्र शंभरच्या आत घसरलेला आणि दर काही सेकंदांनी बदलणारा. वारंवारता जास्त तशी भिंत जास्त खाते. त्याच खुर्चीत Ghar वर स्थिर १४४ मिळत होतं. म्हणून हे पान राउटरशेजारी उभं राहून वाचण्यात अर्थ नाही. जिथे बसून काम करायचं तिथेच उघडायचं. दोन्ही बँडांना एकच नाव असेल तर यंत्र चालता चालता बँड बदलतं, मग तर नक्कीच.

भाच्यानं खोलीत Ghar ठेवलं, दिवाणखान्यासाठी Ghar_5G. ताई स्वयंपाकघरातून विचारत होती की तिच्या फोनवर आता कुठलं असायला हवं. ओट्याशी जाऊन बघितलं तर मायक्रोवेव्ह सुरू होता, आणि तोही २.४ गिगाहर्ट्‌झच्याच आसपास बोलतो. म्हटलं, "तुझं आहे ते राहू दे, ताई."