उलट बाजूचा फोटो

पहिल्या पगारातून आईला घेतलेल्या पैठणीचा फोटो मी नातेवाइकांना पाठवला, तेव्हा त्याखाली दोनच ओळी लिहिल्या: ‘पहिल्या पगाराची पैठणी. बाबांचं घड्याळ पुन्हा चालू.’ फोटोत पदराची उलट बाजू का, असं चौघांनी विचारलं. त्याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं.

पगार ठरला होता 24,000. हातात आले 16,344. मी 9 जूनला रुजू झालो, त्यामुळे तीस दिवसांपैकी बावीस दिवसांचेच 17,600 झाले. त्या दिवसांचं मूळ वेतन 8,800; त्याचे बारा टक्के, म्हणजे 1,056 भविष्य निर्वाह निधीत गेले आणि 200 व्यवसाय करात. पहिल्या पगारातून आईवडिलांसाठी काही घेण्याचं मनात असेल, तर ही वजाबाकी आधी करावी. नेमणूकपत्रातला आकडा धरून बेत आखला की पहिल्याच महिन्यात उसने मागावे लागतात.

आईला पैठणीच घ्यायची हे ठरलेलं होतं. नाशकात आमच्या गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना ती वीस वर्षं फॉल-पिको करत आली आहे. लोकांच्या पैठण्या तिच्या मांडीवरून गेल्या, तिची स्वतःची एकही नाही.

एका दुकानात 4,500 ला ‘अस्सल येवला’ म्हणून एक साडी दाखवली. पदरावर मोर, काठ रुंद, चकाकी डोळे दिपवणारी. मी पैसे काढणारच होतो. तेवढ्यात मला आईची सवय आठवली: पैठणी हातात आली की ती आधी पदर उलटा करते. मी उलटा केला. मोरामागे कापलेल्या धाग्यांची लव होती आणि ती झाकायला वरून जाळी शिवलेली होती. मी साडी परत दिली आणि रविवारी येवल्याची एसटी धरली.

हे धागे का सुटतात, ते तिथल्या विणकराच्या घरी कळलं. हातमागावर पदर विणताना नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्याची कड आली की शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवून तिथूनच मागे वळवतात. तो साडीभर आडवा धावत नाही. म्हणून मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, फार तर बारीक गाठी लागतात. यंत्रमागावर मात्र रंगीत धागा नक्षी नसलेल्या जागीही मागून पुढे जातो. तो लोंबत राहतो किंवा कापावा लागतो. दरातला फरक इथून येतो: ताणा मोजून एकेक कांडी हाताने फिरवायची, त्यामुळे भरगच्च पदराला महिनेच्या महिने लागतात.

“दादा, सिल्क मार्क असला की पुरे ना?” मी विचारलं. ते म्हणाले, “तो रेशमाचा शिक्का. हाताने विणलंय हे त्यावरून नाही कळत.” खरंच आहे. शुद्ध रेशमाची यंत्रमागावरची साडीही तो शिक्का मिरवू शकते. हातमागाचा शिक्का वेगळा असतो. त्यांनी कडेचा एक धागा काढून जाळून दाखवला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. जरीबद्दलही त्यांनी आपणहून सांगितलं, की या दरात चांदीची जर मिळत नाही आणि तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

माझ्या पैशांत एकधोटी बसली. एका धोट्यावर अंग विणलेलं, ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. त्यामुळे हलवली की जांभळ्यात हिरवी झाक दिसते. अरुंद नारळी काठ, अंगावर साध्या बुट्ट्या, पदरावर थोडीशीच नक्षी. 11,500 रुपये.

बाबा नवीन काही घेऊ देत नाहीत. म्हणून सहा वर्षं कपाटात पडून असलेलं त्यांचं चावीचं घड्याळ दुरुस्तीला दिलं. आतलं तेल सुकून घट्ट झालं होतं आणि स्प्रिंग तुटली होती. सगळं खोलून, धुऊन, तेल घालून, स्प्रिंग नि पट्टा बदलून 950 झाले. आता रोज सकाळी चहाआधी ते किल्ली देतात.

आईला घडी दिली तेव्हा तिने रंगाकडे पाहिलं नाही, किंमतही विचारली नाही. पदर उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि नक्षीच्या कडेवरून नखाने हळूहळू फिरत गेली. एका गाठीपाशी थांबली, पुन्हा पुढे गेली. “हातची आहे रे,” ती म्हणाली आणि पदर तसाच उलटा मांडीवर धरून बसली. मी फोटो काढला तो तेव्हाच.

फॉल लावायला मात्र तिने चार दिवस घेतले.