ड्रॉवरमधलं भारतीय सिम

कॉर्कमधल्या बहुतेक मराठी घरांत एक भारतीय सिम असतं. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या बँकेतल्या खात्याचा ओटीपी त्यावर येतो. एरवी ते जुन्या फोनमध्ये, स्विच ऑफ करून, ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. 'माझ्याच घरात आहे, चोरणार कोण?' हा यातला पहिला आणि सगळ्यात महाग गैरसमज.

कारण नंबर सिममध्ये नसतोच. सिममध्ये असते एक ओळख आणि एक गुप्त किल्ली. तुमचा नंबर कोणत्या सिमचा, ही नोंद कंपनीच्या संगणकात असते. 'सिम हरवलं, नवं द्या' असं खोट्या कागदपत्रांनी किंवा आतल्या माणसाला हाताशी धरून पटवलं, की ती नोंद चोराच्या सिमकडे वळते. तुमचं सिम जागच्या जागी मरतं. त्याला घातलेला पिनही इथे निरुपयोगी, कारण तुमच्या सिमला कोणी हातच लावलेला नसतो.

'मी ओटीपी कोणालाच सांगत नाही', असं लोक अभिमानाने म्हणतात. या सिम स्वॅपमध्ये तो कोणी विचारतच नाही, तो थेट चोराच्या सिमवर येतो. डिसेंबर 2018 मध्ये माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले आणि सकाळपर्यंत खात्यातून 1 कोटी 86 लाख रुपये गेले होते. मग 'मिस्ड कॉलने पैसे जातात' ही अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. मिस्ड कॉलने पैसे जात नाहीत. पैसे गेले ते त्या रात्री त्याचं सिम बदललं गेलं म्हणून. एक खरं, की नुसता ओटीपी पुरत नाही. चोराकडे पासवर्ड आधी असावा लागतो. पण 'पासवर्ड विसरलात?' याचं उत्तरही त्याच नंबरवर येत असेल, तर दोन कुलपांना एकच किल्ली झाली.

हे भारतातच होतं असंही नाही. सिम स्वॅप करून अमेरिकेतल्या लोकांची क्रिप्टो चलनं लुटणाऱ्या टोळीतल्या डब्लिनच्या एका तरुणाला 2020 मध्ये डब्लिनच्याच न्यायालयाने तुरुंगात पाठवलं.

आता ड्रॉवरकडे येऊ. सिम बदलल्यावर पहिले 24 तास त्या नंबरवर एसएमएस बंद ठेवायचे, असा भारतातल्या मोबाइल कंपन्यांना आदेश आहे. नियम चांगला आहे, पण तो जागत्या माणसासाठी. समजा, बॅलिनकॉलिगमध्ये राहणाऱ्या जोडप्याचं सिम जानेवारीतल्या शनिवारी भारतात दुपारी दोनला बदललं गेलं. कॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे साडेआठ. सिम चालू फोनमध्ये असतं तर नेटवर्क गेलेलं दिसलं असतं आणि रविवार सकाळपर्यंत बँकेला गाठायला पूर्ण दिवस मिळाला असता. ड्रॉवरमध्ये मात्र मेलेलं सिम आणि झोपलेलं सिम सारखंच दिसतं.

चोर नसला तरी नंबर जाऊ शकतो. रिचार्ज विसरलात, तर नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी रीतसर दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. तुमचे ओटीपी मग त्याच्या फोनवर वाजतात.

'मग ऑथेंटिकेटर अ‍ॅप टाकलं की झालं', हा पुढचा गैरसमज. अ‍ॅप नक्कीच बरं. त्याचा कोड फोनमधल्याच गुप्त किल्लीपासून दर 30 सेकंदांनी तयार होतो, मोबाइल नेटवर्कचा त्यात संबंधच नाही. पण ईमेलच्या सेटिंगमध्ये खातं परत मिळवण्यासाठी तोच जुना नंबर राहिला, तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. नंबर काढा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. फोन हरवला तर तेच कामी येतील. अ‍ॅपची एक मर्यादा उरते: खोट्या वेबसाइटवर तो कोड तुम्ही स्वतःच टाइप करू शकता. पासकी किंवा यूएसबीची सिक्युरिटी की तिथे फसत नाही, कारण ती ज्या वेबसाइटसाठी बनली तिलाच उत्तर देते. निदान ईमेलला तरी पासकी लावा. बाकी खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात.

भारतीय बँकेपुढे मात्र आपली निवड तोकडी पडते. परदेशी नंबरवर यूपीआय चालवण्याची सोय 2023 च्या सुरुवातीला जाहीर झाली, तेव्हाच्या दहा देशांत आयर्लंड नव्हता. तरी एनआरआय खात्याला आयरिश नंबर किंवा ईमेलवर ओटीपी मिळेल का, हे बँकेला विचाराच. काही बँका देतात. तोवर नेट बँकिंगमधून पैसे पाठवण्याची मर्यादा गरजेपुरती खाली आणा आणि व्यवहारांच्या सूचना ईमेलवरही मागवा.

आणि आज संध्याकाळी ते सिम रोजच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घाला. रिचार्ज असूनही नेटवर्क आलं नाही, तर आधी बँकेला फोन करून खातं गोठवा, मग सिम कंपनीला.