लोह मातीत, एक्झोरा उपाशी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात एखाद्या घराच्या गडग्याला लागून एक्झोरा उभा असतो. त्याला खत घालायला कुणी जात नाही, तरी लाल तुऱ्यांनी तो भरलेला दिसतो. तिकडचे लोक त्याला पिटकुळी म्हणतात. त्याच जातीचं रोप पुण्यातल्या एखाद्या गच्चीवर बारा इंची कुंडीत येतं, पहिलं वर्ष बरं जातं आणि मग नवी पानं फिकट, पिवळट निघू लागतात. वर्षभरात दोन-चार तुरे आले तरी खूप. घरचे लोक शेणखत घालतात, गांडूळखत घालतात, पाणी वाढवतात. पानं मात्र पिवळीच राहतात.

कोकणातली माती जांभ्या दगडाची. वर्षानुवर्षांच्या धुवाधार पावसाने तिच्यातला चुना वाहून गेलेला असतो आणि ती आंबट, म्हणजे आम्लधर्मी, झालेली असते. एक्झोरा मुळात दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, कॉफीच्या कुळातला. त्याला अशीच माती मानवते. मातीचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असला की तो खूश असतो. सात हा आकडा उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्कली. घाटावरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. त्यात बोअरचं जड पाणी रोज पडलं, की कुंडीत थोडा थोडा चुना साचत जातो. कुंडीच्या काठावर आणि मातीवर दिसणारा पांढरा थर हाच त्याचा पुरावा.

सामू वाढला की लोह अडतं. मातीत लोह भरपूर असतं, पण अल्कली मातीत ते न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि मुळांना उचलता येत नाही. पानात हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागतं. शिवाय जुन्या पानात बसलेलं लोह झाड तिथून काढून नव्या पानाला देऊ शकत नाही. म्हणून हा आजार शेंड्याला आधी दिसतो: कोवळं पान पिवळं, पण त्याच्या शिरा हिरव्या. जास्त झालं तर पान जवळजवळ पांढरं पडतं आणि कडा करपतात.

पिवळेपणा कुठे आहे हे पाहणं त्यामुळे फार महत्त्वाचं. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडून गळत असतील, तर नत्र कमी आहे. जुन्याच पानांच्या शिरांमधली जागा पिवळी होत असेल, तर मॅग्नेशियमकडे बघावं. माती कायम चिखल असेल, तर मुळं कुजल्यामुळेही शेंडे पिवळे पडतात. तिथे लोह घालून काही होत नाही, आधी निचरा सुधारावा लागतो.

माती तपासायची सोपी युक्ती अशी. कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर थोडं व्हिनेगर टाकावं. बुडबुडे फसफसून आले, तर मातीत मोकळा चुना आहे. अशा मातीला सुधारण्याच्या नादी लागण्यापेक्षा ती बदललेली बरी, आणि याचा हिशेब मांडता येतो. कुंडीत दहा किलो माती आहे आणि तिच्यात पाच टक्के चुना आहे असं धरू, म्हणजे अर्धा किलो. तेवढा चुना मारायला साधारण 160 ग्रॅम गंधक लागेल. एवढं गंधक कुंडीत ओतलं, तर चुना संपायच्या आधीच मुळांना क्षारांचा मार बसेल.

माती बदलताना दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट आणि एक भाग चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत घ्यावं. सिमेंटची कुंडी टाळावी, कारण तिच्यातूनही चुना झिरपत राहतो. अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडाची जमीन चुनखडीची आहे. तिथेही घराच्या सिमेंटच्या पायालगत लावलेले एक्झोरे असेच पिवळे पडतात.

फसफस झाली नाही, पण सामू साडेसातच्या आसपास आहे, अशा कुंडीत गंधक चालतं. बारा इंची कुंडीला दहा ग्रॅम गंधकाची भुकटी वरच्या मातीत मिसळून ओलावा राखावा. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात. त्याला उबदार हवामानातही काही आठवडे लागतात, थंडीत तर ते काम मंदावतं. अनेक जण पाण्यात व्हिनेगर मिसळतात. त्याने पाण्यातला चुना त्या वेळेपुरता मारला जातो, पण जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात आणि परिणाम लवकरच ओसरतो. जोरदार पावसात कुंडी उघड्यावर ठेवणं आणि साठवलेलं पावसाचं पाणी वापरणं याहून सरस ठरतं.

तोवर झाड उपाशी राहू नये म्हणून चिलेटेड लोह द्यावं. कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारं ईडीटीएचं लोह अल्कली मातीत फार टिकत नाही, म्हणून ते पानांवर फवारावं: लिटरभर पाण्याला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी, पंधरवड्यातून एकदा. मातीत घालायचं असेल, तर ईडीडीएचए प्रकारचं घ्यावं. ते महाग असतं, पण उच्च सामूतही कामाला येतं. हिराकस अशा मातीत टाकलं, तर लवकरच गंजून निकामी होतं. राख, चुना आणि अंड्याची टरफलं या कुंडीत कधीच घालू नयेत, कारण तिन्हींनी सामू वाढतो. हाडांच्या चुऱ्यातला स्फुरदही लोह अडवतो.

छाटणीत मात्र घाई नडते. एक्झोराचा तुरा नव्या फुटव्याच्या टोकाला येतो, म्हणून छाटलं की फुटवे वाढतात आणि फुलंही वाढतात, हे खरं. पण लोह मिळत नसताना छाटलं, तर झाडाने जपलेली हिरवी पानं जातात आणि येणारे सगळे फुटवे पिवळे येतात. म्हणून आधी नवी पानं हिरवी येऊ द्यावीत आणि मगच कात्री लावावी. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस, फांदीचा एक तृतीयांश भाग पानाच्या जोडीच्या जरा वर कापावा. त्यानंतर तुरे वाळले की तेवढेच खुडावेत. दर पंधरा दिवसांनी कुंपणासारखी गोलाकार कातरणी केली, तर टोकाला बसणाऱ्या कळ्याच कापल्या जातात. छाटणीपासून फुलांपर्यंत साधारण दीड-दोन महिने जातात आणि त्या काळात रोज चार-पाच तास ऊन हवं.

खताची पाळी शेवटी येते. छाटणीनंतर कोंब डोकावू लागले की अमोनियम सल्फेट अर्धा लहान चमचा, ओल्या मातीत, महिन्यातून एकदा द्यावं. याचं नत्र झाडाला मिळताना माती थोडी आंबट होते, म्हणून एक्झोराला हे खत दुहेरी उपयोगाचं. कळ्या दिसू लागल्या की नत्र कमी करून सल्फेट ऑफ पोटॅश लिटरला दोन ग्रॅम मिसळून घालावं. मातीवर पांढरा थर पुन्हा दिसू लागला, तर खत थांबवावं आणि तळातून भरपूर पाणी वाहीपर्यंत कुंडी धुवावी, शक्य असेल तर पावसाच्या पाण्याने. बोअरचंच पाणी चालू राहणार असेल, तर सामू पुन्हा चढणारच. गंधकाचा एक हलका हात दर पावसाळ्याच्या तोंडाशी आणि माती दोन-तीन वर्षांनी बदलणं, एवढं ठरवून टाकावं लागतं.