लांब पट्टी म्हणजे यश नव्हे

प्रोग्रेस बार सहसा शंभर टक्क्यांवर थांबतो. त्यापुढचं दिसत नाही. स्टीफन फ्यू यांनी आखलेल्या बुलेट चार्टमध्ये जाड पट्टी प्रत्यक्ष काम दाखवते, तिला छेदणारी रेघ उद्दिष्ट, आणि मागच्या छटा कमी, बरं, उत्तम असे टप्पे.

समजा, एका दूध संस्थेची तीन उद्दिष्टं एकाच स्लाइडवर आहेत. संकलन ६० हजार लिटर हवं, झालं ४५ हजार. नवे सभासद ५०० हवेत, झाले ५५०. तक्रारी २०च्या आत हव्यात, आल्या ३०. एककं वेगळी, म्हणून सगळं उद्दिष्टाच्या टक्क्यांत मांडलं: ७५, ११०, १५०. रेघा एकाखाली एक आल्या, पण तक्रारींची पट्टी सर्वांत लांब, म्हणजे सर्वांत यशस्वी दिसू लागली! ती वेगळी काढा, तिच्या छटा उलट्या लावा आणि शेजारी मूळ आकडे लिहा.