घर अमेरिकेत बुडाले, शेअर मुंबईत का कोसळले?

शिरूर-दौंड परिसरात रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत काम करणारी आपली अनेक मुले घरासाठी कर्ज घेतात, पगारातून शेअर बाजारातही पैसे टाकतात. त्यांच्याशी बोलताना 2008 चा विषय निघाला की आम्हाला हमखास ऐकू येते, 'गरिबांनी कर्ज बुडवले, म्हणून जग बुडाले.' हे अर्धसत्य आहे.

अमेरिकेत 1930 च्या दशकापासून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना नकाशावर लाल रंग देऊन 'धोक्याच्या' ठरवले गेले. तिथे घरकर्ज मिळणे जवळपास अशक्य होते. 2000 नंतर त्याच वस्त्यांत एजंट दारात आले, पण महागडे कर्ज घेऊन. समजा, दीड लाख डॉलरचे कर्ज आहे. पहिली दोन वर्षे व्याज 7 टक्के, हप्ता सुमारे 1,000 डॉलर. तिसऱ्या वर्षी व्याज 10 टक्के झाले की हप्ता 1,300 वर जातो. घराच्या किमती वाढत होत्या तोवर जुने कर्ज फेडून नवे घेता येत असे. 2006 नंतर किमती उतरल्या आणि ती वाट बंद झाली.

कर्ज देणाऱ्याने मात्र कर्ज स्वतःकडे ठेवलेच नव्हते. हजारो कर्जांची मोट बांधून त्यांचे रोखे बनवले आणि जगभरच्या बँकांना विकले. त्यामुळे कर्जदाराची ऐपत तपासण्याची गरज कुणालाच उरली नाही. हे रोखे घेणाऱ्या मोठ्या बँकांकडे स्वतःच्या 1 रुपयामागे जवळपास 30 रुपये उसने होते. अशा वेळी मालमत्तेची किंमत फक्त 3-4 टक्के घसरली तरी स्वतःचे भांडवल संपते. 15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. कुणाकडे किती बुडीत रोखे आहेत हे कळेना, म्हणून बँका एकमेकींना उसने देईनात.

भारतीय बँकांकडे असे रोखे फारच थोडे होते. तरी जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स 27 ऑक्टोबरला 8 हजारांखाली उतरला. कारण परदेशी गुंतवणूकदारांना घरी रोकड हवी होती. बुडीत रोख्यांना गिऱ्हाईक नव्हते, म्हणून जे विकले जात होते ते, म्हणजे आपल्याकडचे चांगले शेअर, त्यांनी विकले. ते रुपये देऊन डॉलर नेले, तसा रुपयाही घसरला.

दोष कुणाचा? अमेरिकेच्या न्याय विभागाने कंट्रीवाइड या कंपनीवर आरोप ठेवला, की दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक कर्जदारांकडून तिने त्याच पात्रतेच्या गोऱ्यांपेक्षा जास्त पैसे घेतले. 2011 मध्ये कंपनीने 33.5 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आधी कर्ज नाकारले, मग महाग दिले, शेवटी बुडाल्याचे खापरही त्यांच्याच डोक्यावर फोडले. ही रीत आपल्या ओळखीची आहे. म्हणून 'गरिबांनी बुडवले' असे कुणी म्हटले, तर आपण विचारावे: कर्ज कोणत्या अटींवर दिले, आणि देणाऱ्याने ते पुढे कुणाला विकले?